काका बोलायच्या आधी आपण बोलू, पण ‘आपण’ म्हणजे कोण?

प्रश्न: बाबांना जाऊन दीड वर्ष झालं. फोंडा तालुक्यात घर, कुळागर आणि फोंड्यात एक प्लॉट आहे. आई घरी दादा-वहिनीसोबत असते. ताई मडगावला, मी पणजीत आणि धाकटा दुबईत. अजून कुणी विषय काढलेला नाही, पण काका ताईला फोन करून ‘तुझा वाटा सोडू नकोस’ म्हणू लागलेत, आणि एक चुलतभाऊ प्लॉटला गिऱ्हाईक असल्याचं सांगतोय. बाहेरच्यांनी गोंधळ घालण्याआधी आम्ही भावंडांनीच शांतपणे बोलावं असं मला वाटतं. व्हॉट्सॲपच्या फॅमिली ग्रुपवर हे कसं लिहू? दादाला वाटेल मी त्याला घराबाहेर काढतोय.

उत्तर: मी फोंड्याच्या कोर्टात पंचवीस वर्षांहून जास्त काळ वाटणीची कामं बघतोय. मेसेजचा मसुदा खाली देतो, पण तो पाठवण्याआधी दोन गोष्टी बघून घ्या. त्या बघितल्या नाहीत तर कितीही गोड लिहिलंत तरी भांडण होणारच.

पहिली गोष्ट म्हणजे कागदावर नाव कुणाचं आहे. सरकारी भू-नोंदीच्या संकेतस्थळावर गाव आणि सर्व्हे नंबर टाकला की फॉर्म वन-फोर्टीन समोर येतो. त्यात कब्जेदाराच्या रकान्यात तुमच्या बाबांचं नाव आहे की आजोबांचं, ते बघा. आपल्याकडे सत्तरच्या दशकात सर्व्हे झाला तेव्हा पुष्कळ घरांत थोरल्या भावाचं एकट्याचं नाव चढलं, कुठे आजोबांचंच राहिलं, कुठे ‘आणि इतर’ असं लिहून मोकळे झाले. त्यामुळे वन-फोर्टीनवरचं नाव हा मालकीचा शेवटचा शब्द नाही. त्याच्या मागे बाबांच्या हाती ती मिळकत कशी आली याचा कागद हवा: जुना इन्व्हेंटार म्हणजे कोर्टातून झालेल्या वारसा-वाटपाचा कागद, वाटणीपत्र, खरेदीखत, काहीही. घरात पोर्तुगीज भाषेतले पिवळे कागद असतील तर ते टाकू नका, फोटो काढून ठेवा.

हे आधी का बघायचं? आजोबांची वाटणीच झालेली नसेल तर तुमचे काका ‘बाहेरचे’ नाहीतच. कुळागरात त्यांचा हक्क आहे आणि लग्न होऊन गेलेल्या आतेचाही आहे. तुम्ही चौघांनी दार लावून जे ठरवाल ते त्यांच्या सहीशिवाय उभं राहणार नाही. मग काकांचे फोन ही लुडबूड नसून मालकाची चौकशी ठरते. असं निघालं तर चौघांच्या बैठकीचा विषय बदलतो: आधी आजोबांच्या वारसांत बाबांचा वाटा वेगळा करून घ्यायचा, मग पुढचं. प्लॉट बाबांनी स्वतः घेतला होता का, तेही कागदावरून बघा. तसं असेल तर तो वेगळा धरा. खाली जे लिहितोय ते सगळी मिळकत बाबांच्या वाट्याची आहे असं गृहीत धरून.

दुसरी गोष्ट गोव्याबाहेरच्या लोकांना सांगूनही पटत नाही. तुम्ही ‘आम्ही भावंडं’ म्हणता, पण आपल्या कायद्यात वहिनी आणि भावोजी परके नाहीत. इथे लग्न नोंदवताना वेगळा करार केलेला नसेल तर नवराबायकोची सगळी मिळकत दोघांची, निम्मी-निम्मी, वारशाने आलेलीसुद्धा. ताईला मिळणाऱ्या वाट्यात भावोजी अर्धे मालक आहेत आणि दादाच्या वाट्यात वहिनी. वाटणीपत्रावर, विक्रीवर, हक्क सोडण्यावर दोघांच्या सह्या लागतात. म्हणून ‘फक्त आपण चौघं, बाकी कुणी नको’ असा ग्रुप केलात तर सहीच्या दिवशी भावोजी विचारतील, ‘मला आज आठवण झाली का?’ अशी अडलेली कामं मी किती बघितली त्याची मोजदाद नाही. वहिनींचं तर विचारूच नका. ज्या बाईने तुमच्या आईची औषधं सांभाळली तिला ‘भावंडांचा विषय आहे’ म्हणून स्वयंपाकघरात बसवणार?

पहिली बैठक चौघांची आणि आईची असू दे, हरकत नाही, पण मेसेजमध्येच लिहा की दुसऱ्या बैठकीला वहिनी, भावोजी सगळे असतील. ज्यांची लग्नं गोव्याबाहेर झाली किंवा इथे नोंदवलेली नाहीत, त्यांचा लग्नाचा दाखला आधी वकिलाला दाखवा. तिथे हिशेब बदलू शकतो.

आता वाट्यांबद्दल. हे कळलं की ग्रुपवर काय बोलायचं आणि काय बोलायची गरजच नाही, ते आपोआप ठरतं. आपल्याकडे हिंदू वारसा कायदा चालत नाही. 1867 चा पोर्तुगीज नागरी कायदा चालत आला, आणि वारशाच्या बाबतीत आता गोव्याचा स्वतःचा 2012 चा कायदा आहे, जो 2016 पासून लागू झाला. महाराष्ट्रातल्या नातेवाइकांनी पाठवलेले ‘मुलींना 2005 पासून हक्क’ वगैरे फॉरवर्ड इथे निरुपयोगी आहेत. इथे मुलीचा हक्क पहिल्यापासून मुलाइतकाच आहे. बाबा इच्छापत्र न करता गेले असतील तर गणित सरळ: एकूण मिळकतीतला अर्धा भाग आईचा, तो तिला बाबांकडून मिळत नाही, तिचा आधीपासूनच आहे. उरलेला अर्धा चौघांत सारखा. म्हणजे प्रत्येकी एक अष्टमांश. बाबांची गोव्याबाहेर एखादी खोली किंवा फ्लॅट असेल तर तोही याच हिशेबात येतो. 2019 साली सर्वोच्च न्यायालयाने तसा निकाल दिला आहे.

कुणाला किती हे कायद्याने ठरलेलं आहे, त्यावर वाद घालायला जागाच नाही. बोलायचं ते एवढंच की कुठली वस्तू कुणाकडे जाणार आणि कमी-जास्त पैशांत कसं भरून काढायचं. ग्रुपवर पहिल्या मेसेजमध्ये यातलंही काही लिहायचं नाही. पहिल्या मेसेजने फक्त एक तारीख मागायची आणि कागद गोळा करायला सांगायचं. आकडा, वस्तू, ‘विकूया’, ‘ठेवूया’ यातला एकही शब्द नको.

त्याआधी एक फोन. दादाला. घरात जो राहतो, पोफळींना पाणी सोडतो, पाडेल्याला बोलावतो, पंचायतीची घरपट्टी भरतो, त्याला हे ग्रुपवर सगळ्यांबरोबर कळलं तर तो ते आरोप म्हणूनच वाचणार. तुमची भीती रास्त आहे आणि तिचं औषध मेसेजमध्ये नाही, त्या फोनमध्ये आहे. जमलं तर फोनही नको, घरी जा, आणि आईसमोर नाही, कुळागरात फिरताना बोला. सांगायचं असं: ‘दादा, काका ताईला फोन करतायत. उद्या गोष्ट आपल्या हातून जाईल. तू घरावर जे जे खर्च केलंस ते आधी वहीत लिहून ठेव, ते मी सगळ्यांसमोर पहिल्यांदा मांडतो.’ दादाचा खर्च पहिला मांडला जाणार हे त्याला कळलं की त्याच्या मनातली अर्धी धास्ती जाते.

मग ग्रुप. तुमच्या फॅमिली ग्रुपवर काका, चुलतभाऊ, मुलंबाळं असणार. तिथे लिहू नका. आई, चार भावंडं एवढ्यांचा वेगळा ग्रुप करा. नाव साधं ठेवा, ‘घर’ चालेल. ‘प्रॉपर्टी’ ठेवू नका. लपवाछपवी मात्र नको. काकांनी विचारलं तर ‘हो, आमचं बोलणं चाललंय, झालं की सांगतो’ एवढं एकच वाक्य चौघांनीही म्हणायचं. चौघांनी चार वाक्यं म्हटली की काका चौकशीला लागतात.

मेसेज साधारण असा लिहा:

> आई, दादा, ताई, बाळू,
> बाबा गेल्यावर घराचे कागद तसेच राहिलेत. दादाशी मी बोललोय. आईच्या आणि आपल्या नावाने कागद नीट करून घेऊया, म्हणजे उद्या कुणाला काही विचारायची गरज पडणार नाही.
> पहिल्यांदा नुसतं बसून कागद बघूया. त्या दिवशी काही ठरवायचं नाही, सही करायची नाही. दादाने घर आणि कुळागरावर केलेला खर्चही लिहून काढूया. पुढच्या वेळी वहिनी, भावोजी सगळे असतीलच.
> बाळू, तुझ्या सुट्टीप्रमाणे किंवा व्हिडिओवर, या महिन्यात कुठला रविवार चालेल तो कळव. ज्याच्याकडे जे कागद असतील त्यांचा फोटो इथे टाका.
> कुणाला मनात काही असेल तर इथे न लिहिता मला फोन करा.

‘वाटणी’ हा शब्द मी मुद्दाम टाळलाय. आपल्या गावांत वाटणी म्हणजे चुली वेगळ्या होणं, देवघराचं दार बंद होणं. आईने तो शब्द वाचला की त्या रात्री तिला झोप येणार नाही. ‘कागद नीट करूया’ यात खोटं काही नाही आणि त्यातून कुणी दुखावत नाही. शेवटची ओळही मुद्दाम आहे. लिहिलेलं राहतं, त्याचे स्क्रीनशॉट काकांपर्यंत जातात, आणि पुढे कोर्टात तेच पुरावा म्हणून मांडता येतात. रात्री अकरानंतर कुणी लांब काही लिहिलं तर उत्तर देऊ नका, सकाळी फोन करा.

बाळू म्हणजे तुमचा धाकटा, नाव बदलून घ्या.

चवथीला सगळे घरी येतात म्हणून तेव्हाच बसूया, असं हमखास कुणीतरी सुचवतं. नको. ताईला सासरची चवथ असते, ती घाईत येऊन घाईत जाते. घरात काका, आते, चुलतभाऊ, माटोळी बांधणं, आरत्या, आणि वहिनी पहाटेपासून उभी. अशा दिवशी निघालेला विषय सगळ्या घराण्यासमोर निघतो. तुम्हाला जे टाळायचंय तेच होतं. चवथ होऊन दोन-तीन रविवार गेले की बसा.

एका घरची गोष्ट सांगतो, ओळख पटू नये इतपत बदलून. वडील गेले, आई होती. थोरला घरी राहून कुळागर सांभाळायचा, बहीण तिसवाडीत, धाकटा आखातात. धाकट्याने एका रात्री फॅमिली ग्रुपवर लिहिलं, ‘प्लॉटला रेट चांगला चाललाय, विकूया का?’ त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी चुलत्याने थोरल्याला फोन केला की हे तुला घरातून काढणार. थोरल्याने ग्रुप सोडला. बहिणीने ‘मला काही नको, भांडू नका’ असं लिहिलं. तीन महिने कुणी कुणाशी बोललं नाही, मग बहीण माझ्याकडे आली.

तिला मी आधी तिच्या त्या मेसेजबद्दल सांगितलं. ‘मला काही नको’ लिहिल्याने हक्क जात नाही, त्यासाठी रीतसर दस्त आणि नवऱ्याचीही सही लागते. पण दुसरी बाजूही आहे. बहिणींना नोटरीकडे नेऊन हक्कसोड करून घेतली जाते तेव्हा त्यांना वाटतं आपण हे आपल्या लाडक्या भावाला दिलं. वारसा नाकारला तर तो एका भावाला जात नाही, बाकीच्या सगळ्यांत वाटला जातो, आणि अर्धा नाकारला अर्धा ठेवला असंही करता येत नाही. एकालाच द्यायचं असेल तर तो वेगळा दस्त आहे आणि तो तसाच लिहिला पाहिजे. तिने ते समजून घेतलं आणि मग म्हणाली, ‘खरं सांगायचं तर मला हवंय, पण मागायची लाज वाटते.’

बसायचं ठरलं तेव्हा तिघांनी मिळून प्रत्येक वस्तूची किंमत लिहिली. घर 36 लाख, कुळागर 48 लाख, प्लॉट 36 लाख, एकूण 1 कोटी 20 लाख. बाजारभाव याहून थोडा वर-खाली असेल, पण तिघांना मान्य असलेला आकडा दलालाच्या आकड्यापेक्षा कामाचा. आईचे 60 लाख, तिघांचे 20-20 लाख. आईला घर दिलं, म्हणजे 36, आणि कुळागराचा वरचा अर्धा भाग, 24. तिचे 60 झाले. थोरल्याला कुळागराचा खालचा अर्धा, 24, म्हणजे त्याच्याकडे 4 लाख जास्त. बहीण आणि धाकटा यांना प्लॉट निम्मा-निम्मा, 18-18, म्हणजे दोघांना 2-2 लाख कमी. थोरल्याने त्यांना 2-2 लाख द्यायचे.

मग खर्चाची वही उघडली. थोरल्याने छपरावर 1 लाख 80 हजार घातले होते, बिलं होती. त्यात आईचा भाग निम्मा, 90 हजार, तो त्याने सोडला. आईच्या भागाचे नारळ आणि सुपारीही तोच विकून घर चालवत होता, त्यामुळे ते बरोबरच होतं. उरलेले 90 हजार तिघांत, प्रत्येकी 30 हजार. म्हणजे बहिणीला आणि धाकट्याला 2 लाखांऐवजी 1 लाख 70 हजार मिळाले. तीस हजारांसाठी कुणी काही बोललं नाही, पण ते वजा झाले तेव्हा थोरल्याच्या चेहऱ्यावरचा ताण उतरलेला मी पाहिला.

अडलं ते कुळागरात. कागदावर वरचा आणि खालचा भाग केला, पण पाणी एकाच झरीचं, वरून पाटाने खाली येणारं. उद्या आईनंतर वरचा भाग दुसऱ्या कुणाकडे गेला आणि त्याने पाट वळवला तर खालच्या पोफळी दोन उन्हाळ्यांत वाळतील. म्हणून पाटाचं पाणी, पाट साफ करायला जायची वाट आणि ओझं काढायची वाट, तिन्ही दस्तात लिहून घेतल्या. कुळागर वाटताना हे विसरणारे वकीलसुद्धा आहेत. प्लॉटचे प्रत्यक्ष दोन तुकडे करायला नगरनियोजन खात्याची परवानगी लागते, म्हणून तो तूर्त दोघांच्या नावे निम्मा-निम्मा समाईक ठेवला. आणि देवघर? घर आईच्या नावे असलं तरी चवथ तिथेच, सगळ्यांची, हे आईने आपणहून सांगितलं. ते दस्तात लिहायचं नसतं, पण बैठकीत मोठ्याने बोललं गेलं हे बरं झालं.

आईबद्दल एक सावधगिरी. तिच्या निम्म्याचं तिच्यानंतर काय होणार, हे तुम्ही चौघांनी आज आपसांत लिहून ठेवायचं नाही. जिवंत माणसाच्या वारशाचा करार कायदा मानतच नाही. तिला काय करायचं ते ती करेल. आणि तिच्या निम्म्यातून कुणी काही ‘आत्ताच देऊन टाक’ म्हणत असेल तर तिला राहण्याचा आणि उत्पन्न घेण्याचा हयातभराचा हक्क राखल्याशिवाय सही करू देऊ नका.

सगळ्यांचं जमलं तर पुढचा रस्ता लांब नाही. सब-रजिस्ट्रारकडेच विशेष नोटरी असतो, त्याच्यासमोर वारसांचा दस्त होतो, मग नोंदणी केलेलं वाटणीपत्र, मग मामलेदाराकडे नावं चढवणं. वारसांत कुणी अज्ञान मूल असेल तर मात्र आधी वकिलाला विचारा, तिथे कोर्टाकडून जावं लागतं.

जमलं नाही तर इन्व्हेंटरीचा दावा, म्हणजे कोर्टातून वारसांत वाटप. तो वाईट नाही. सगळे एकमताने आले तर त्यातही शांतपणे वाटप होतं आणि हुकूम पक्का असतो. पण एकमत नसेल तेव्हा वारसांमध्येच बोली लागते. घरावर जो जास्त बोलेल त्याला घर, बाकीच्यांना पैसे. कायद्याने हे अगदी न्याय्य आहे. पण बोली कोण जिंकणार? ज्याच्याकडे रोख आहे तो. दुबईतला भाऊ बोलू शकतो, कुळागरावर जगणारा दादा बोलू शकत नाही. दादा आज ‘बघू नंतर’ म्हणत असेल तर त्याला धमकी म्हणून नाही, माहिती म्हणून हे सांगा. चर्चा टाळल्याचं नुकसान सगळ्यात जास्त त्याचंच आहे, आणि बहुतेक घरांत चर्चा टाळणाराही तोच असतो.

चुलतभावाच्या गिऱ्हाइकाचं काय करायचं ते आता लक्षात आलं असेल. नावं चढेपर्यंत कुठल्याही इसाऱ्यावर कुणाचीही सही नको. तुमच्यापैकी एकाने आपला अविभक्त हिस्सा बाहेरच्याला विकायचं ठरवलं तर बाकीच्या सहमालकांना तो आधी घेण्याचा हक्क आहे, पण तो हक्क वापरायला पैसे आणि घाई दोन्ही लागतात. बोलणं बिघडतंय हे ओळखायची खूण म्हणाल तर माझी एकच आहे: तुमच्या पाच जणांच्या ग्रुपवरची गोष्ट काकांच्या तोंडून परत ऐकू आली. तसं झालं तर कुणी सांगितली हे शोधत बसू नका. मेसेज पूर्ण बंद करा, आणि पुढचं सगळं घरच्या ओसरीवर समोरासमोर, आई बसलेली असताना.

वन-फोर्टीन आज रात्रीच काढून बघा. बाबांचं नाव असेल तर रविवारी दादाकडे जा. आजोबांचं असेल तर मेसेज पाठवू नका, आधी काकांकडे चहाला जा.